गोखले रोडच्या गाळ्याचं भाडं: अविभक्त कुटुंबाच्या एचयूएफमध्ये दाखवू की आई, ताई आणि मी वेगवेगळं?

नौपाडेकर (धागाकर्ता)

बाबा नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई (६६), ताई (नाशिकला शाळेत शिक्षिका) आणि मी. बाबांनी १९९१ मध्ये गोखले रोडवर एका सोसायटीत तळमजल्याचा गाळा घेतला होता. तिथे गेली कित्येक वर्षं औषधांचं दुकान आहे. भाडं आता महिना ७५,०००. सोसायटीत आईचं नॉमिनेशन होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झालं. भाडंही आईच्याच खात्यात येतं आणि आम्ही ते तिच्याच रिटर्नमध्ये दाखवत आलो.

आता लिव्ह अँड लायसन्सचा नवा करार व्हायचाय. दुकानाच्या अकाउंटंटने सहज विचारलं, "टीडीएस कुणाच्या पॅनवर कापू? मालक नक्की कोण?" आमच्या सीएला विचारलं तर तो म्हणाला, एचयूएफ काढा, तुम्ही कर्ता म्हणजे कुटुंबप्रमुख व्हा, भाडं तिथे घ्या. एचयूएफला स्वतःची ४ लाखांची करमुक्त मर्यादा मिळते. त्याने कागदावर मांडून दाखवलं:

वर्षाचं भाडं ९,००,०००. महापालिकेचा मालमत्ता कर ४०,००० वजा केला की ८,६०,०००. त्यातून ३० टक्के वजावट गेली की ६,०२,०००. हे सगळं माझ्या पगारावर चढलं (माझं करपात्र २१ लाख आहे, नवीन पद्धत) तर जादा कर १,७२,२२४. एचयूएफमध्ये घेतलं तर १०,५०४.

आकडे बघून मोह होतोय. पण आईकडे आत्ता शून्यच कर लागतोय, तिची पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून ३,२०,००० आहे. मग एचयूएफ कशाला, हेच कळत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

ऐरोलीकर

डोळे झाकून एचयूएफ काढा. आमची २०१९ पासून आहे, एक रुपया कर भरलेला नाही. आता तर १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, म्हणजे तुमच्या सीएने दाखवलेले ते १०,५०४ सुद्धा लागणार नाहीत. सीए लोकांना हे माहीत नसतं की काय कोण जाणे.

मालतीमावशी

अरे नॉमिनी आई आहे, सर्टिफिकेट तिच्या नावावर आहे, मग गाळा आईचाच झाला की! त्यात कुटुंब आणि कर्ता कुठून आला? आमच्या सोसायटीत (कोपरी) हे गेले तेव्हा माझ्या नावावर असंच झालं, कुणी काही विचारलं नाही.

जमाखर्च

चरईत एका करसल्लागारांच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. थोडं लांब लिहिते, कारण तुमच्या सीएने दुसरा प्रश्न आधी सोडवलाय आणि पहिला विचारलेलाच नाही.

आधी मावशींचं. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कुणाशी बोलायचं एवढं ठरवणं. मालकी वारसा कायद्याने ठरते. तुमच्या ह्यांच्या वेळी मुलांनी हरकत घेतली नाही म्हणून कुणी विचारलं नाही, एवढंच.

आता गाळा. वडिलांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली मालमत्ता, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम ८. पहिल्या वर्गाचे वारस आई, मुलगी, मुलगा. तिघांना सारखा हिस्सा. आणि मुलाला जो हिस्सा मिळतो तो त्याचा *वैयक्तिक* असतो, त्याच्या बायकोमुलांच्या कुटुंबाचा नव्हे. हे सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये चंदर सेन यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्याआधी वडिलांकडून आलं की ते आपोआप कुटुंबाचं असं मानायची पद्धत होती, आणि बरेच जण अजून तीच धरून बसलेत. आमच्याकडे आठवड्याला एक तरी माणूस "वडिलोपार्जित आहे" म्हणत यायचा आणि कागद बघितला की वडिलांनी ऐंशी सालात घेतलेला फ्लॅट निघायचा.

म्हणजे तुमचा गाळा तिघांचा, प्रत्येकी एक तृतीयांश. एचयूएफ ही तुम्ही काढली म्हणून होत नाही. कुटुंब कायद्याने असतंच, प्रश्न असतो तो मालमत्ता त्या कुटुंबाची आहे का हा. पॅन कार्ड आणि शिक्का करून घेतलात तरी गाळा त्यात उडी मारून जात नाही.

ऐरोलीकर, १२ लाखांचं तुमचं चुकतंय. पहिले ४ लाख शून्य, पुढचे ४ लाख ५ टक्क्यांनी, असे टप्पे माणसाला आणि एचयूएफला सारखेच आहेत. पण १२ लाखांपर्यंत कर नाही हे त्या टप्प्यांमुळे होत नाही. टप्प्यांनी निघालेला कर कलम ८७ए च्या रिबेटने माफ होतो, आणि तो रिबेट फक्त निवासी व्यक्तीला आहे. एचयूएफला नाही. ६,०२,००० मधले ४ लाख गेले, २,०२,००० वर ५ टक्के म्हणजे १०,१००, त्यावर ४ टक्के सेस ४०४. सीएचा १०,५०४ आकडा बरोबर आहे. घोटाळा आकड्यात नाही, गाळा कुणाचा यात आहे.

ऐरोलीकर

असं कसं? पोर्टलवर आमचा कर शून्यच येतो. आमच्या आजोबांनी मृत्युपत्रात घर "माझ्या मुलाच्या अविभक्त कुटुंबाला" असं लिहून दिलंय, म्हणजे आमचं पक्कं आहे. शून्य आला तर रिबेटच मिळाला असणार ना.

जमाखर्च

तुमचं मृत्युपत्र उत्तम आहे. स्वकष्टाची मालमत्ताही मृत्युपत्राने थेट एचयूएफला देता येते, आणि तिथे ती खरोखर एचयूएफचीच होते. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. पण रिटर्नमध्ये एचयूएफचं एकूण उत्पन्न किती दिसतं ते बघून या.

नौपाडेकर

बापरे. म्हणजे एचयूएफ बादच. पण मग वेगवेगळं दाखवायचं म्हटलं तर माझ्या हिश्श्याचे २,००,६६७ माझ्या पगारावर चढतील ना? मी २५ टक्क्यांच्या टप्प्यात आहे.

आणि एक डोक्यात आलं. माझा एक तृतीयांश मी माझ्या, बायकोच्या आणि मुलाच्या नव्या एचयूएफला बक्षीस दिला तर? सदस्याने एचयूएफला दिलेल्या भेटीवर कर नसतो असं वाचलं.

जमाखर्च

भेटीवर कर नाही, खरं आहे. पण कलम ६४(२) वाचा. सदस्याने स्वतःची मालमत्ता पुरेसा मोबदला न घेता कुटुंबाच्या पेटीत टाकली तर तिचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. म्हणजे करार एचयूएफच्या नावाने, बँक खातं एचयूएफचं, आणि कर मात्र तुमच्या २५ टक्क्यांनीच. पुढे कधी ती एचयूएफ वाटून बायकोच्या वाट्याला काही गेलं, तर त्या भागाचं उत्पन्नही तुमच्याकडेच येईल. बायकोला थेट बक्षीस दिलंत तरी तेच, फक्त कलम वेगळं.

तुमचा वेगवेगळ्याचा हिशेब असा: आईचे ३,२०,००० अधिक २,००,६६७ म्हणजे सव्वापाच लाखांच्या आत, रिबेटने शून्य. ताईचा पगार किती?

नौपाडेकर

ताईचं करपात्र साडेसात लाखांच्या आसपास.

जमाखर्च

मग तिचेही साडेनऊ लाख, शून्य. राहता राहिलात तुम्ही: २,००,६६७ चे २५ टक्के आणि सेस, म्हणजे साधारण ५२,१७०. तिघांचा मिळून एवढाच.

म्हणजे खरी तुलना १,७२,२२४ विरुद्ध १०,५०४ अशी नाहीच. सीएने सगळं भाडं तुमच्या डोक्यावर धरलं, ते कधी तुमचं नव्हतंच. खरी तुलना ५२ हजार विरुद्ध १०,५०४, आणि त्यातला दुसरा पर्याय तुम्हाला उपलब्ध नाही.

पण तिसरा आहे. तुम्ही तुमचा हिस्सा हक्कसोडपत्राने, काही न घेता, आईला सोडलात, तर आई दोन तृतीयांशाची मालक होते. तिच्याकडे भाड्याचे ४,०१,३३३ आणि तिचे ३,२०,०००, मिळून ७,२१,३३३. बारा लाखांच्या बरेच आत. ताईकडे तिचा तृतीयांश, तोही शून्य. उत्पन्न देणाऱ्याकडे परत धरायचे नियम पती-पत्नी, सून आणि अज्ञान मुलं यांच्यासाठी आहेत, आई त्यात नाही. आणि आईला मुलाकडून मिळालेल्यावर तिला कर नाही. एकूण कर शून्य, एचयूएफपेक्षाही कमी.

दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागेल. मुद्रांक किती लागेल ते तिथेच विचारा. मजकूर कसा आहे आणि कुणाच्या नावे सोडताय, यावर ते ठरतं.

मालतीमावशी

म्हणजे शेवटी गाळा आईकडेच! मी तेच म्हणत होते.

जमाखर्च

दोन तृतीयांश, मावशी. आणि कागदाने.

वर्तकनगर१२

हक्कसोडपत्र सोपं वाटतं, पण परत घेता येत नाही हे कुणीच बोलत नाहीये. माझ्या चुलतभावाने असंच आईच्या नावे सोडलं. आईने नंतर मृत्युपत्र करून सगळं धाकट्याला दिलं. करात वर्षाला पंचवीस-तीस हजार वाचले असतील, पण हिस्सा गेला तो गेला. तुमच्या ५२ हजारांसाठी तेवढं करायचं का, हे धागाकर्त्याने घरात बसून ठरवावं. आणि आईने मृत्युपत्र केलं नाही तर तिच्या पश्चात तिच्या दोन तृतीयांशाचे तुम्ही आणि ताई निम्मे निम्मे. म्हणजे आज तुमचा एक तृतीयांश आणि ताईचा एक तृतीयांश आहे, ते शेवटी तुमचा एक तृतीयांश आणि ताईचे दोन तृतीयांश असं होईल. ते ठीक आहे का?

नौपाडेकर

म्हणजे हक्क सोडला नाही तर शेवटी अर्धं अर्धं, सोडला तर ताईकडे जास्त. ताईकडे गेलं तरी घरातच, त्यामुळे तिथे अडत नाही. बाकी मुद्दा मात्र डोक्यात ठेवलाय. आईशी बोलणं जरा अवघड आहे, तिला वाटेल मी अंग काढून घेतोय.

जमाखर्च

एक अप्रिय गोष्ट राहिली. २०२१ पासून आजपर्यंतचं सगळं भाडं तुम्ही आईच्या रिटर्नमध्ये दाखवलंत. हक्कसोडपत्र झालं तरी ते नोंदणीच्या तारखेपासून पुढे चालेल, मागे नाही. मागच्या वर्षांत तृतीयांश तुमचा होता आणि तेवढा ताईचा. सहमालकांचे हिस्से ठरलेले असले की प्रत्येकाने आपापला दाखवायचा असतो, पैसे कुणाच्याही खात्यात येवोत. अपडेटेड रिटर्न आता कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं. मात्र जितका उशीर तितका जादा कर: पहिल्या वर्षात थकलेल्या कराच्या आणि व्याजाच्या २५ टक्के, शेवटच्या वर्षात ७० टक्के. तुमचा सीए एचयूएफचे शिक्के बनवतोय तोवर त्याला आधी हे करायला लावा.

घणसोली_खाडीकाठ

धागा वेगळ्या वळणावर नेतो, पण आमचं उलटं आहे. आमची जमीन पणजोबांपासूनची, सात-बारावर १९५६ च्या आधीपासून आमच्या घराचीच नावं. सिडकोने घेतली, साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, त्यावर इमारत झाली. आमच्या वाट्याचे फ्लॅट भाड्याने आहेत. एचयूएफची फाईल वडिलांनी केलेली, आता मी चालवतो. ३० टक्के वजा जाऊन १४ लाख उरतात आणि ९३,६०० कर जातो. आई, मी, भाऊ, बहीण, चौघांचीही स्वतःची कमाई पाच-सहा लाखांच्या वर नाही. वाटून घेतलं तर प्रत्येकाला साडेतीन लाख, म्हणजे सगळे १२ लाखांच्या आत. मग ही एचयूएफ आम्हाला महागच पडते ना? गेल्या वर्षापासून आम्ही भाडं चौघांच्या खात्यात वाटून टाकतोय आणि रिटर्नही तसंच भरावं म्हणतो.

जमाखर्च

तुमची एचयूएफ खरी आहे, आणि हो, ती महाग पडतेय. पूर्वी रिबेट छोटा होता तेव्हा एचयूएफ म्हणजे घरात एक जादा करदाता, सरळ फायदा. आता माणसाला १२ लाखांपर्यंत शून्य आणि एचयूएफला ४ लाखांनंतर कर सुरू. म्हणून ज्या घरात सगळ्यांची कमाई बेताची, तिथे एचयूएफ तोट्याची झाली. घरातला माणूस वरच्या टप्प्यात असेल तरच तिचा उपयोग.

पण भाडं वाटणं म्हणजे वाटणी नव्हे. कलम १७१ ला मालमत्तेची वाटणी लागते: कुठला फ्लॅट कुणाचा, जिथे भाग पाडता येतात तिथे प्रत्यक्ष भाग पाडून. नुसतं उत्पन्न विभागलं तर एचयूएफ तशीच उभी राहते आणि १४ लाखांवर तिलाच कर लागतो. चौघांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलंत तरी नोटीस एचयूएफला येईल. सदस्याला एचयूएफच्या उत्पन्नातून मिळालेली रक्कम त्याच्या हातात करमुक्त असते, ते खरं. पण त्याने एचयूएफचा कर कमी होत नाही.

दुसरं, अर्धी वाटणी चालत नाही. ३१ डिसेंबर १९७८ नंतरची आंशिक वाटणी आयकर खातं मानतच नाही. फ्लॅट वाटले आणि गावची उरलेली जमीन तशीच ठेवली, किंवा फक्त भावाला वेगळा काढला, तर करासाठी काहीच घडलं नाही असं धरतात. सगळी मालमत्ता, सगळे सदस्य. मग अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो चौकशी करून वाटणी झाल्याची नोंद करतो. ती नोंद होईपर्यंत एचयूएफ चालूच.

घणसोली_खाडीकाठ

जमीन चार चुलत्यांत अडकलीय, तिची वाटणी आमच्या हयातीत होईलसं वाटत नाही. 😀 पण समजा केली, तर मी १२ लाखांपर्यंत मोकळा?

जमाखर्च

इथे बरेच जण फसतात. जुन्या एचयूएफच्या वाटणीत तुम्हाला मिळालेला फ्लॅट तुमचा वैयक्तिक होत नाही. तुम्हाला बायको-मुलं आहेत, तर तो तुमच्या छोट्या एचयूएफचा. म्हणजे तिथेही रिबेट नाही. तुमच्या बाबतीत साडेतीन लाख ४ लाखांच्या आत असल्यामुळे तरीही शून्य. उद्या भाडं वाढून पाच लाख झालं, तर वरच्या लाखावर ५ टक्के लागतील, तुमची स्वतःची कमाई कितीही कमी असो. आईचा हिस्सा मात्र तिचा वैयक्तिक, तिला रिबेट मिळेल.

घणसोली_खाडीकाठ

आणि बहिणीचा? तिचं लग्न २००३ ला झालं.

ऐरोलीकर

जाऊन बघितलं. एचयूएफचं उत्पन्न ३,६१,००० आहे. म्हणजे ४ लाखांच्या आतच, रिबेटचा रकाना रिकामाच. माघार घेतो. सीएला उगाच नाव ठेवलं.

आता माझाही एक प्रश्न. मुलाच्या मुंजीत माझ्या मामांनी एचयूएफच्या खात्यात १ लाखाचा चेक दिला. मामा नातेवाईकच, म्हणजे करमुक्त?

जमाखर्च

मामा तुमचे नातेवाईक, एचयूएफचे नव्हेत. एचयूएफचे नातेवाईक म्हणजे फक्त तिचे सदस्य. बाहेरच्यांच्या भेटी वर्षात मिळून ५०,००० च्या वर गेल्या की अख्खी रक्कम करपात्र, वरची तेवढीच नाही. ३,६१,००० अधिक १,००,००० म्हणजे ४,६१,०००. यंदा पहिल्यांदा कर भरणार तुम्ही, ३,१७२ रुपये. मामांनी तोच चेक तुमच्या नावाने दिला असता तर काहीच लागलं नसतं.

नौपाडेकर

अपडेट. काल आईकडे बाबांचं कपाट उपसलं. एका जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत आणखी एक पॅन कार्ड सापडलं, नावापुढे "एचयूएफ", चौथं अक्षर `H`! आणि एका बँकेची ६ लाखांची ठेव, त्याच नावाने. आई म्हणाली, आजोबांच्या रत्नागिरीकडच्या जमिनीचे पैसे होते ते, आजोबांच्या आजोबांपासूनची जमीन. म्हणजे आमची एचयूएफ होती आणि मला माहीतच नव्हतं. सीए आता म्हणतो, मग गाळाही तिथलाच असणार!

जमाखर्च

असणार नाही, बघायचं. तीन कागद काढा. गाळ्याच्या १९९१ च्या खरेदीखतावर खरेदीदार म्हणून नुसतं बाबांचं नाव आहे की "कर्ता" म्हणून? पैसे कुठल्या खात्यातून गेले? आणि बाबांच्या हयातीतलं भाडं कुठल्या पॅनवर दाखवलं होतं?

नौपाडेकर

खरेदीखतावर नुसतं नाव. पासबुक त्यांच्या पगाराच्या खात्याचं, बँकेच्या कर्जासकट. जुन्या रिटर्नच्या प्रती मिळाल्या, भाडं त्यांच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये.

जमाखर्च

मग गाळा वैयक्तिकच, विषय संपला. ठेव मात्र एचयूएफची. बाबांचा तिच्यातला हिस्सा वारसांकडे जाईल, पण एचयूएफ तेवढ्याने मोडत नाही. तिचं व्याज ४ लाखांच्या जवळपासही नाही, त्यामुळे कर नाही. बँकेला कर्ता बदलल्याचं पत्र लागेल, सज्ञान सदस्यांच्या सह्यांनिशी. आणि कर्ता कोण, हे सीएने परस्पर ठरवू नये. ताई मोठी की तुम्ही?

नौपाडेकर

ताई. सहा वर्षांनी. पण तिचं लग्न झालंय १९९८ ला.

वर्तकनगर१२

महाराष्ट्रात २२ जून १९९४ ला ज्या मुली अविवाहित होत्या त्या तेव्हापासूनच कोपार्सनर, म्हणजे मुलासारख्याच जन्मतः हक्कदार, आहेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर लग्नाचा प्रश्नच उरला नाही, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्काही मारला. दिल्ली हायकोर्टाने तर थोरल्या मुलीला कर्ता मानलंय. ताईला फोन करा आधी.

नौपाडेकर

केला. पहिलं वाक्य: "म्हणजे बाबांची ठेव चार वर्षं कपाटात पडून होती आणि तुला पत्ता नाही?" दुसरं: "कर्ता मी होणार, ठेवीची पावती आणि ते कार्ड रविवारी घेऊन ये." गाळ्याच्या हक्कसोडपत्राचं तिला पटलंय, आईचं अजून नाही. तूर्त अकाउंटंटला सांगितलं, तिघांच्या नावाने करार आणि तिघांच्या पॅनवर हिश्श्याप्रमाणे टीडीएस. तो म्हणाला, "साहेब, चलनं वाढली माझी."

घणसोली_खाडीकाठ

अहो, माझ्या बहिणीच्या हिश्श्याचं राहिलं. वाटणीत तिला फ्लॅट मिळाला तर तो तिचा वैयक्तिक, की तिच्यामागेही एचयूएफ?

जमाखर्च

यावर मी दोन सीएंना एकाच टेबलावर भांडताना बघितलंय. एक म्हणत होता, ती सासरच्या एचयूएफची सदस्य आणि माहेरच्या एचयूएफची कोपार्सनर, तिची स्वतःची तिसरी एचयूएफ कुठून येणार, म्हणून वैयक्तिक. दुसरा म्हणत होता, २००५ ने मुलगी मुलासारखी झाली तर मिळालेल्या हिश्श्याचे गुणधर्मही मुलासारखेच. मला पहिला जास्त पटतो, पण लिहून द्या म्हणालात तर देणार नाही.

घणसोली_खाडीकाठ

आमची बहीण म्हणते, वैयक्तिक असो नाहीतर एचयूएफ, आधी कोपऱ्यातला टू बीएचके माझ्या नावावर करा.